सुनेच्या बायोडेटातला उपाशी वाफा

माझी सून शेतकी पदवीधर आहे हे आम्हाला लग्नाआधीच माहीत होतं, पण ती खरोखर शेतात जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पदवी म्हणजे भिंतीवर लावायची वस्तू अशी आमच्या घरात समजूत. मुलाची डिप्लोमाची फ्रेम आहे, तिच्या शेजारी हिची लागेल, मध्ये घड्याळ, असा माझा हिशेब होता. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात ही बाई गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, पाय धुवायला पाणी द्या ना, घर खराब होईल."

ही दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. आम्ही बदलापूरला राहायचो, मुलगा अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरीला. नदीपलीकडे आमची थोडी भातजमीन होती, अजूनही आहे, बिल्डरची नजर तिच्यावर आणि आमची बिल्डरवर. सुनेच्या कॉलेजातले एक सर शेतकऱ्यांच्या शेतावर खताचे प्रयोग घ्यायचे. एका हंगामासाठी त्यांनी हिला देखरेखीला घेतलं. तीन शेतं वांगणीच्या बाजूला, चौथं आमचं. हातात पैसे फार येणार नव्हते, पण अनुभवाचा दाखला मिळणार होता आणि तो बायोडेटात लिहिता येणार होता. तिला खतकंपनीत क्षेत्र अधिकारी व्हायचं होतं. आमच्या ह्यांनी मात्र ओळखीच्या पतपेढीत तिच्यासाठी कारकुनाची खुर्ची बघून ठेवली होती. "वर्षअखेरपर्यंत तुझी ती शेतातली नोकरी मिळाली तर ठीक," हे म्हणाले, "नाहीतर पंख्याखाली बसायचं." पतपेढीचं नाव निघालं की सुनेचं जेवण अर्ध्यावर थांबायचं, हे मी पाहिलं होतं.

प्रयोग साधा होता. प्रत्येक शेतात तीन वाफे, मध्ये चांगले रुंद बांध, म्हणजे एकाचं पाणी दुसऱ्यात जाऊ नये. पहिल्यात युरिया नेहमीसारखा फेकून. दुसऱ्यात गोळी खत, म्हणजे युरिया आणि डीएपी दाबून केलेली गोळी, लावणी झाली की रोपांच्या चार चुडांच्या मध्ये एक अशी बोटाने चिखलात खोचायची. आणि तिसऱ्यात काहीच नाही. तिन्ही वाफ्यांवर पत्र्याच्या पाट्या, मराठीत, तिच्याच हाताने रंगवलेल्या. तिसऱ्या पाटीवर लिहिलं होतं, "बिनखत".

"हा असा का ठेवलाय?" मी विचारलं.

"तुलनेसाठी, आई. खताने किती फरक पडला हे कळायला एक तरी बिनखताचा लागतो."

मी मान डोलावली. त्या काळी मला एखादी गोष्ट कळली नाही की माझी मान आपोआप डोलायची, आणि समोरच्याला वाटायचं, बाई हुशार आहे. निम्मा संसार मी त्या मानेवर केला.

लावणीला तिने आम्हा सगळ्या बायकांना दोरी धरून सरळ ओळीत चूड लावायला लावली. लहानपणापासून लावणी करणाऱ्या बायका आम्ही, आमच्या पुढे ही पोर फूटपट्टी घेऊन. कुणी ओळ वाकडी केली की "मावशी, परत" म्हणायची, ओरडायची नाही. दुपारपर्यंत सगळ्या तिला शिव्या घालत होत्या आणि सगळ्यांच्या ओळी सरळ होत्या.

महिनाभराने तिसरा वाफा पिवळसर दिसायला लागला. बाजूचे दोन हिरवेगार, आणि हा आजारी पोरासारखा. माझी जाऊ बांधावर उभी राहिली आणि म्हणाली, "काय गो, दोघांना जेवन नि तिसऱ्याला नुसता पानी? तुझी सून भारी हाय."

"प्रयोग आहे तो," मी म्हणाले.

"हां, परयोगच. आज वाफ्यावर, उद्या तुझ्यावर. म्हातारी झालीस की तुझ्या गल्यात पन पाटी बांधील, बिनखत."

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा टोमण्याने काय होतं. त्या वेळच्या मला सगळं व्हायचं. त्या दुपारी मला खरोखर दिसलं, की खाटेवर मी पडलेय, पिवळी, गळ्यात पत्र्याची पाटी, आणि सून वही घेऊन बाजूला उभी, माझी उंची मोजतेय.

दुसऱ्या दिवशी सून वांगणीच्या शेतांवर गेली आणि मी बादली उचलली. आधी शेणाचा काला. मग बाजूच्या पोत्यातला उरलेला युरिया, ओंजळीने. मग चुलीची राख. तांदळाचं धुवण तर रोजच नेत होते, कुकर लावण्याआधी. सुकटीचा कुटा होता तोही शिंपडला, कारण माझे वडील म्हणायचे माशाच्या खताला तोड नाही. प्रत्येक घासाला मी त्या वाफ्याशी बोलायचे. खा रे बाबा, मी आहे. आणि हे मी काही लपूनछपून केलं नाही, उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. फक्त सुनेला सांगायचं राहिलं, कारण तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

वाफा असा उठला की विचारू नका. काळपट हिरवा, बाजूच्या दोघांच्या डोक्यावरून बघणारा. सुनेने पाहिलं तेव्हा ती बांधावर बराच वेळ उकिडवी बसली. चिखलात हात घातला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हात जोडले.

"आई, काय काय घातलंत?"

मी अभिमानाने यादी सांगितली. तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, भरून आलंय.

खरी मजा तर पुढे. प्रयोग बघायला सरांनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांची शिवारफेरी ठरवली होती आणि ती नेमकी आमच्या शेतात. आधीच ठरलेली गोष्ट रद्द करायला वेळ नव्हता. पंचवीसेक माणसं बांधावर आली. युरियाचा वाफा बघितला, ठीक म्हणाले. गोळी खताचा बघितला, बरा आहे म्हणाले. मग "बिनखत" पाटीपुढे येऊन सगळे थांबले. एक पागोटेवाला बाबा म्हणाला, "म्हंजे काहीच घालायचा नाय. येवढा सोपा व्हता तर सरकारनी इतकी वर्षं सांगितला का नाय?" दोघं-तिघं तर लगेच घरी निघाले, जणू काही न घालण्याची घाई होती.

सून सगळं माझ्यावर ढकलू शकली असती. चार माणसांत "सासूने घाण केली" म्हणाली असती तर ते खरंच होतं. ती बांधावरून खाली उतरली, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि चिखलातून शेणाचा तंतू, राखेचा खडा आणि माशाचा एक काटा काढून पुढे धरला. "बाबा, बिनखताच्या चिखलात मासे कुठून आले?" ती म्हणाली. "याला सगळ्यात जास्त खत पडलंय, न मोजता. आज छान दिसतोय. जरा दाणा भरू द्या आणि मग परत बघायला या. माझं ऐकू नका, वाफ्याचं ऐका."

दाणा भरायला लागला आणि वाऱ्यासकट एक सर आली. युरियाचा वाफा थोडा कलला, गोळी खताचा उभा राहिला. माझा लाडका सबंध लोळला, पाण्यात तोंड घालून, लग्नात जास्त जेवलेल्या पाहुण्यासारखा. पागोटेवाले बाबा परत आले, बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गोळी खत कुठे मिळतं ते सुनेला विचारून गेले. लोळलेल्यात निम्मे दाणे पोचट निघाले. कडेच्या ओळी सोडून मधलं भात कापलं, वाळवलं, तोललं, तेव्हा गोळी खताचा वाफा पहिला आला, फेकलेल्या युरियाचा दुसरा, आणि एवढं खाऊन माझा तिसरा.

इथे तरी मी शहाणी व्हावं की नाही? मी नाही झाले. उलट मला वाटलं, वारा आला म्हणून, नाहीतर.

मग बायोडेटा करायची वेळ आली. अंबरनाथच्या एका खतकंपनीने जागा काढली होती. टायपिंगवाले बदलापुरातही होते, पण माझ्या भाच्याने सांगितलं, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एक सिंधी आहे, त्याच्याकडून बायोडेटा केला की नोकरी लागतेच. म्हणून आम्ही दोघी शेअर रिक्षाने तिकडे गेलो. मी जाण्याचं काही कारण नव्हतं. मी गेले.

दुकान एवढंसं, मागे जीन्स धुण्याचा कारखाना, त्याचं निळं पाणी दारासमोरच्या गटारातून वाहत होतं. मालक साठीचा, बनियनवर शर्ट घातलेला पण बटणं न लावलेला. त्याच्याकडे येणारे बहुतेक जीन्सच्या कारखान्यातले सुपरवायझर, त्यामुळे त्याच्या कॉम्प्युटरात एकच साचा होता आणि तो त्यात सगळ्यांना बसवायचा.

"बोलो बेटा. मशीन कौनसी चलाती हो?"

"पॉवर टिलर, पाठीवरचा फवारणी पंप, पायाचं मळणी यंत्र," सून म्हणाली.

"शिलाई मशीन पण येते तिला," मी म्हणाले. "मिक्सरसुद्धा."

"आई."

"हाताखाली कारीगर कितने?"

"लावणीला बारा बाया. कापणीला आठ."

"प्रॉडक्शन?"

यावर सुनेने चारही शेतांचे कागद काढले. गोळी खताला हेक्टरी किती क्विंटल, फेकलेल्या युरियाला किती, बिनखताला किती. शेतकऱ्यांना सल्ला दिला त्या भेटी, शिवारफेरी, पाटी, सगळं. तो टाईप करत गेला आणि खरं सांगते, साचा जीन्सचा होता तरी हिचं शेत त्यात बरोबर बसलं. मग ती म्हणाली, "बिनखताचे आकडे तीनच शेतांचे लिहा. चौथ्याच्या खाली लिहा, बाहेरून खत पडल्यामुळे हा वाफा वगळला आहे."

"बाहेरून?" मी म्हणाले. "मी बाहेरची?"

"आई, तसं नाही. प्रयोगाच्या बाहेरचं."

"सबंध हंगाम मी त्याला भरवलं. सगळ्यात हिरवा तो होता की नाही, सांग. मग सगळ्यात हिरवा म्हणून लिही. लोळला ते नको लिहू, तो वाऱ्याचा दोष."

सून कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, तुम्ही बाकीचं टाईप करा, मी दाखल्यांच्या झेरॉक्स काढून आणते." आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. मला वाटतं तिला झेरॉक्सपेक्षा हवा हवी होती.

मालकाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मम्मी, झगडा क्या है?"

मी सगळं सांगितलं. उपाशी वाफा, जाऊ, पाटी, सगळं. तो हसला नाही. उठला, मागच्या दाराने कारखान्यात गेला आणि दोन पँटी घेऊन आला. एक धुतलेली, फिकी निळी. दुसरी कोरी, कडक, जवळजवळ काळी.

"ये कोरी पीस मी कधी धूत नाही. प्रत्येक मालातली एक ठेवतो. पार्टी आली की दोन्ही बाजू-बाजूला धरतो, की देख, इतना शेड निकाला. कल कोई मम्मी येऊन म्हणाली, अरे बिचारीला अंघोळ नाही घातली, आणि धुऊन टाकली, तो मैं पार्टी को क्या दिखाऊं? मेरा सिर?"

मी त्या कोऱ्या पँटीकडे बघत राहिले. आणि मग, एवढ्या महिन्यांनी, माझी मान न डोलता मला गोष्ट कळली. मी पोरीची कोरी पँट धुतली होती.

माणसाला उशिरा कळलं की तो जास्त धोकादायक होतो. आधी मला वाटत होतं, वाफ्याचं चांगलंच लिहावं. आता एकदम वाटलं, सगळं खरं लिहावं, कारण पोरीचा काहीच दोष नव्हता आणि "बाहेरून खत पडलं" असं मोघम लिहिलं तर लोकांना वाटेल हिनेच दुर्लक्ष केलं.

"लिहा," मी म्हणाले. "बाहेरून नको. कुणी घातलं ते लिहा. सासूने."

"मम्मी, पक्का?"

"पक्का. सासूने दयेपोटी शेणाचा काला, युरिया, राख, सुकटीचा कुटा आणि तांदळाचं धुवण घातलं. म्हणून वगळला. इंग्रजीत लिहा, आणि जाड अक्षरात, म्हणजे साहेबांच्या नजरेतून सुटायला नको."

धुवणाला इंग्रजीत काय म्हणतात यावर आमचं थोडं अडलं. शेवटी त्याने "राईस वॉटर" केलं. बायोडेटा छापून त्याने लिफाफ्यात घातला, फ्लॉपीत कॉपी ठेवली. सून परत आली तेव्हा मी लिफाफा चिकटवून तयार होते. "दाखल्यांचा वेगळा लिफाफा कर," मी म्हणाले, "हा बंद झाला." ती दमली होती, तिने दाखल्यांचा लिफाफा केला. दोन्ही मीच पोस्टात टाकले.

बोलावणं आलं. अंबरनाथला, कंपनीच्या ऑफिसात. मी डबा घेऊन सोबत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसले. आतल्या खोलीला काचेची खिडकी होती. एक वयस्क साहेब, एक तरुण. वयस्क साहेबांनी कागद उलटला, वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि कागद सुनेपुढे सरकवून एका जागी बोट ठेवलं. सुनेने वाचलं. मग हळूच मान वळवून काचेतून माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी नंतर फक्त डेंटिस्टकडच्या लोकांत पाहिली. पतपेढीचा पंखा मला तिथे बसल्या बसल्या ऐकू यायला लागला.

दार उघडून तरुण साहेब म्हणाले, "त्या आई म्हणजे आपणच का? आत या."

मी डब्यासकट आत गेले.

"हे खरं आहे?" वयस्क साहेबांनी विचारलं.

"सगळं खरं आहे. पोरीचा काही दोष नाही. तिला तर माहीत पण नव्हतं असं लिहिलंय ते."

"ते दिसतंय," साहेब म्हणाले, कारण सून लाल झाली होती. मग ते तिच्याकडे वळले. "एक वाफा गेला, मग सरासरी कशी काढलीत?"

"फक्त बिनखताची तीन शेतांची काढली, आणि तुलना करताना चौथं शेत पूर्ण बाजूला ठेवलं," ती म्हणाली. "गेलेल्या वाफ्याचा अंदाज सूत्राने काढता येतो, सर, तोही काढून कॉलेजच्या सरांना दाखवला होता. पण तो अंदाज असतो, मोजलेलं उत्पन्न नव्हे, म्हणून बायोडेटात नाही घातला."

"आणि शेतकरी बिनखत चांगलं म्हणून निघाले तेव्हा?"

तिने चिखल, काटा आणि पागोटेवाले बाबा सांगितले. तरुण साहेब लिहून घेत होते. वयस्क साहेबांनी टेबलावरचा बाकीच्या अर्जांचा गठ्ठा हलवला. "या सगळ्यांचे प्रयोग यशस्वी झालेत. कुणाच्या वाफ्यात बकरी शिरली नाही, कुणाचं पाणी फुटलं नाही, कुणाला सासू नाही. हे लोक कुठल्या देशात शेती करतात कोण जाणे." मग तिला म्हणाले, "आता शेवटचं. गावात गेल्यावर प्रत्येक शेतात अशी एक आई असणार. तिला थांबवाल कसं?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. मला खरंच वाटलं, आता ही मला पाटी बांधणार.

"नाही थांबवणार, सर," ती म्हणाली. "चौथा वाफा देईन. बांध घालून, वेगळा. त्याचं नाव आईचा वाफा. काय घालायचं ते घाला, फक्त मोजून घाला आणि मला सांगा. मग कापणीला सगळ्यांदेखत तोलू."

साहेब हसले नाहीत, मिशीवरून फक्त हात फिरवला. "सोमवारी रुजू होता येईल?"

"येईल," मी म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं, आई," साहेब म्हणाले.

"येईल, सर," सून म्हणाली.

रिक्षात ती माझ्याशी बोलली नाही. अंबरनाथ स्टेशन आलं, गेलं. मी डबा उघडून पोळीभाजी पुढे केली, तिने घेतली आणि बाहेर बघत खाल्ली. मला वाटलं, नोकरी मिळाली पण सून गेली. बदलापूरच्या अलीकडे तिने पर्समधून पेन काढलं, रुजू होण्याच्या कागदाची मागची बाजू गुडघ्यावर धरली आणि विचारलं, "आई, राख किती घातली होतीत?"

"टोपलीभर. दीड असेल."

"टोपली कुठली? मासळीची की शेणाची?"

"शेणाची. पण काठोकाठ नाही, थोडी कमी."

"थोडी म्हणजे?"

घरी पोचल्यावर तिने मला साडीही बदलू दिली नाही. चुलीची राख शेणाच्या टोपलीत भरायला लावली, काठापर्यंत नाही, मी दाखवलं तेवढी. मग वाण्याकडून ताणकाटा मागून आणला. हे संध्याकाळी कामावरून आले, तेव्हा दारात त्यांची बायको राखेने पांढरी झालेली, सून काट्याकडे बघून आकडा सांगतेय आणि मी म्हणतेय, "अगं, ह्यापेक्षा जरा जास्तच होती, वाफा भुकेला होता ना."